स्पर्धा परीक्षेच्या नोट्स ऑनलाइन विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यसेवा आणि तत्सम परीक्षांच्या नोट्स लिहून त्यांची पीडीएफ विकणाऱ्या, किंवा विकू इच्छिणाऱ्या, लेखकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः एमपीएससीच्या अभ्यासक्रमातील आहेत. उदाहरणांतील किमती केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत.

1. मी स्वतःच्या अभ्यासासाठी काढलेल्या नोट्स जशाच्या तशा विकू शकतो का?

नोट्स विकण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. परंतु वहीत आपल्या हस्ताक्षरात उतरलेला प्रत्येक मजकूर आपला असतोच असे नाही. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 52 नुसार खासगी अभ्यासासाठी दुसऱ्याच्या लेखनाचा वाजवी वापर करता येतो. त्यामुळे परीक्षेची तयारी करताना एखाद्या संदर्भग्रंथातील दोन परिच्छेद आपण वहीत उतरवून घेतले असतील, तर त्यात काही गैर नाही. तीच वही स्कॅन करून विक्रीला ठेवली की वापर खासगी राहत नाही आणि ही सवलत हातची जाते. अनेक प्रामाणिक लेखक येथेच अडकतात, कारण तीन-चार वर्षांनी कोणते वाक्य कोठून घेतले होते हे त्यांना आठवत नाही. म्हणून जुनी वही कच्चा आराखडा म्हणून वापरावी आणि विक्रीचा मजकूर नव्याने लिहावा.

2. नोट्स तयार करायला मला वर्ष लागले. एवढ्या कष्टांमुळे त्यांवर माझा हक्क निर्माण होत नाही का?

केवळ कष्टांमुळे होत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये स्पष्ट केले की, कॉपीराइट मिळण्यासाठी श्रम आणि पैसा पुरेसा नसून लेखकाचे कौशल्य, त्याचा निर्णय आणि थोडीफार सर्जनशीलता कामात दिसली पाहिजे. तो वाद न्यायनिर्णयांच्या संपादित आवृत्त्यांचा होता. न्यायालयाने किरकोळ दुरुस्त्या आणि मांडणीतील बारीकसारीक बदल यांना संरक्षण नाकारले, पण निकालाचे अर्थपूर्ण परिच्छेद पाडणे आणि कोणत्या न्यायमूर्तींचे मत सहमतीचे व कोणाचे विरोधी हे दाखवून देणे यांना ते दिले, कारण त्यासाठी कायदा समजावा लागतो.

नोट्स लिहिणाऱ्यासाठी ही कसोटी उपयोगाची आहे. पंचायत राजविषयक समित्यांची नावे व वर्षे कालानुक्रमे लिहिण्यात फारसा निर्णय नसतो. त्या समित्यांमध्ये नेमके मतभेद कशावर होते, ते परीक्षेत कोणत्या रूपाने विचारले जातात आणि उमेदवार कोठे चुकतात, या अंगाने केलेली मांडणी मात्र आपली असते.

3. पुस्तकातील मजकूर मी माझ्या शब्दांत लिहिला, तर तो मौलिक ठरतो का?

सर्वाधिक गैरसमज या प्रश्नाभोवती आहेत, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, एखाद्या पुस्तकात असे वाक्य आहे: "बलवंतराय मेहता समितीने त्रिस्तरीय रचना सुचवली असली, तरी महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार जिल्हा परिषदेला अधिक बळ देणारी निराळी वाट धरली." त्यावरून नोट्समध्ये असे लिहिले जाते: "मेहता समितीने तीन स्तरांची रचना सुचवली होती, परंतु महाराष्ट्राने नाईक समितीच्या सूचनांनुसार जिल्हा परिषदेला जास्त महत्त्व देणारा वेगळा मार्ग स्वीकारला." शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा, जोर आणि क्रम तोच राहिला. एका वाक्यापुरते हे चालून जाईल. परंतु प्रकरणामागून प्रकरण, उपशीर्षकांच्या त्याच क्रमाने आणि त्याच उदाहरणांसह, अशी तीस पाने भरली, तर ती नक्कलच असते आणि मूळ पुस्तक शेजारी ठेवल्यास कोणालाही ती ओळखता येते.

आता तोच विषय उमेदवाराच्या शंकेपासून सुरू करून पाहू. शंका अशी की, दोन्ही समित्यांनी तीनच स्तर सांगितले असताना फरक कोणता? मग लिहावे लागते की, 1957 च्या मेहता समितीने कार्यकारी अधिकार पंचायत समितीकडे ठेवले, जिल्हा परिषदेला सल्ला व देखरेखीची भूमिका दिली आणि तिच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असावा असे सुचवले. 1960 मध्ये नेमलेल्या नाईक समितीने जिल्हा परिषद हाच सबळ स्तर मानला आणि जिल्हाधिकाऱ्याला तिच्या बाहेर ठेवले. त्यातून 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि 1 मे 1962 पासून ही व्यवस्था सुरू झाली. ग्रामपंचायती मात्र 1958 च्या स्वतंत्र अधिनियमाखाली राहिल्या, आणि "एकाच कायद्याने तिन्ही स्तर निर्माण झाले" हे विधान चूक ठरते ते यामुळेच. यातील सर्व तथ्ये सार्वजनिक आहेत. तथ्यांवर कोणाचाही कॉपीराइट नसतो. शंकेची निवड, तुलनेची दिशा आणि फसव्या विधानाचा खुलासा हे लेखकाचे स्वतःचे आहे.

यासाठी उपयोगी पडणारी पद्धत अशी: एका घटकासाठी किमान दोन पुस्तके आणि शक्य असेल तेथे मूळ अधिनियम वाचावा, त्यातून फक्त शंका व तथ्ये टिपून घ्यावीत, पुस्तके मिटावीत आणि टिपणांवरून लिहावे. समोर पुस्तक उघडे असताना लिहिलेला मजकूर त्या पुस्तकाच्या वळणावर जातोच.

4. एखाद्या लोकप्रिय संदर्भग्रंथाचा प्रकरणवार सारांश विकता येईल का?

लेखक किंवा प्रकाशकाच्या परवानगीशिवाय विकू नये. कॉपीराइट अधिनियमातील रूपांतराच्या व्याख्येत साहित्यकृतीचा संक्षेप स्पष्टपणे अंतर्भूत आहे आणि रूपांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचा असतो. म्हणजे पाचशे पानांच्या ग्रंथाचे साठ पानांत केलेले संक्षिप्त रूप पूर्णपणे आपल्या शब्दांत असले, तरी प्रश्न सुटत नाही. जाहिरातीत "अमुक पुस्तक आता फक्त साठ पानांत" असे लिहिणारे विक्रेते तर स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच प्रसिद्ध करत असतात.

पुस्तकाला पूरक ठरणारी मार्गदर्शिका हा निराळा प्रकार आहे. अकरावीच्या गणिताच्या एका पाठ्यपुस्तकावर काढलेल्या गाइडविरुद्ध ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने दावा केला होता, तेव्हा 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या गाइडवर अंतरिम मनाई देण्यास नकार दिला. पाठ्यपुस्तकात गणितांची केवळ अंतिम उत्तरे होती, तर गाइडमध्ये ती सोडवण्याच्या पायऱ्या होत्या, हा त्यातील महत्त्वाचा भाग होता. आपल्या नोट्स वाचल्यावर मूळ पुस्तकाची गरज उरते की संपते, हे यावरून स्वतःला विचारावे. गरज संपत असेल, तर आपण धोक्याच्या बाजूला आहोत.

5. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तके तर मोफत मिळतात. त्यांतील मजकूर वापरायला काय हरकत आहे?

मोफत वाचायला देणे आणि विकण्याचा हक्क देणे या भिन्न गोष्टी आहेत. या पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर हक्कांची सूचना छापलेली असते. ती एकदा शांतपणे वाचावी. तथ्ये आणि संकल्पना या पुस्तकांतून घ्याव्यात, मांडणी प्रश्न 3 प्रमाणे स्वतःची करावी. आकृत्यांबाबत अधिक सावध राहावे, कारण प्रत्येक आकृती ही स्वतंत्र कलाकृती असते. पुस्तकातील जलचक्राची आकृती मोबाइलने टिपून तिच्यावर आपले नाव टाकणे ही उघड नक्कल आहे, आणि ती पारदर्शक कागदावर गिरवून काढल्यानेही फारसा फरक पडत नाही. प्रक्रिया समजून घेऊन, उमेदवाराला लागतील तेवढेच घटक ठेवून आपली साधी रेखाकृती काढावी. ती दिसायला ओबडधोबड असली तरी चालते. विद्यार्थी तीच परीक्षेत सहज काढू शकतो.

6. कायद्यांतील कलमे, शासनाचे आकडे आणि जुन्या प्रश्नपत्रिका यांचे काय?

न्यायालयांचे निकाल, न्यायालयाने मनाई केली नसेल तर, पुनर्मुद्रित करता येतात. विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला अधिनियम छापता येतो, मात्र त्यासोबत भाष्य किंवा अन्य मौलिक मजकूर असावा अशी कलम 52 मधील अट आहे. म्हणून नुसती कलमे एकापुढे एक चिकटवलेली पीडीएफ विकू नये. प्रत्येक कलमाखाली आपला खुलासा हवा. 73 व्या घटनादुरुस्तीवर लिहिताना महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागांची तरतूद सांगून थांबू नये. महाराष्ट्रात हे प्रमाण 2011 पासून 50 टक्के झाले आहे, हेही जोडावे. असा खुलासा कायद्याची अट पूर्ण करतो आणि विद्यार्थ्याचा गुणही वाचवतो.

आर्थिक पाहणीतील आकडा हे तथ्य आहे. तो वर्षासह द्यावा. पाहणीतील तक्ते आणि विवेचन मात्र चित्र म्हणून उचलू नये. प्रश्नपत्रिका ही देखील कोणीतरी तयार केलेली कृती असते आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत दिसते म्हणून ती विक्रीयोग्य ठरत नाही. आपण विकायचे ते स्पष्टीकरण. ज्या प्रश्नाचे विश्लेषण करायचे तेवढाच उद्धृत करावा, परीक्षेचे वर्ष व प्रश्नक्रमांक द्यावा, आणि चारही पर्यायांपैकी चुकीचे तीन का चूक हे लिहावे.

7. क्लासमध्ये सरांनी जे शिकवले त्यावरून काढलेल्या नोट्स विकल्या तर चालतील का?

सरांच्या परवानगीशिवाय नाही. शिकवण्याची खास मांडणी, लक्षात ठेवण्याची त्यांची सूत्रे आणि त्यांनी बेतलेली उदाहरणे ही त्यांची निर्मिती आहे. शिवाय कायद्यातील कलावंताच्या व्याख्येत व्याख्यान देणाऱ्या व्यक्तीचाही समावेश आहे. क्लासने छापून दिलेल्या पुस्तिकेबाबत तर शंकाच नको. "वर्गात तर सगळेच उतरवून घेतात" हे खरे असले, तरी तो वापर प्रश्न 1 मधील खासगी अभ्यासाचा असतो. आपण स्वतः क्लासमध्ये शिकवत असाल, तर प्रश्न 13 पाहावा.

8. प्रसिद्ध करण्यापूर्वी नकळत झालेली नक्कल कशी शोधावी?

नेहमीचा उपाय म्हणजे दर दोन-तीन पानांतून एक वैशिष्ट्यपूर्ण वाक्यांश निवडून तो अवतरणचिन्हांत घालून शोधणे. मराठीत हा उपाय अनेकदा फसतो, आणि त्याचे कारण ठाऊक नसल्यास खोटा दिलासा मिळतो. जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्यांतील मजकूर पडद्यावर नीट दिसतो, पण शोधयंत्राला तो रोमन अक्षरांचा गोंधळ भासतो. युनिकोडमध्येही "दुसऱ्या" या शब्दातील ऱ् दोन पद्धतींनी टंकलिखित होतो. ॲ या अक्षराचेही तसेच. दिसायला शब्द सारखा, पण शोधात जुळत नाही. म्हणून शोधासाठी ही अक्षरे नसलेले पाच-सहा शब्दांचे तुकडे निवडावेत. स्कॅन केलेल्या पुस्तकांपर्यंत हा शोध पोहोचत नाही. तेथे ज्या दोन-तीन पुस्तकांवरून अभ्यास केला त्यांची अनुक्रमणिका आपल्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवून उपशीर्षकांचा क्रम ताडावा.

सहलेखकाने किंवा मानधनावर लिहिणाऱ्याने दिलेला मजकूर तपासताना चुकांकडे लक्ष द्यावे. बरोबर तथ्य सर्वत्र सारखेच असणार, पण एखादे चुकीचे वर्ष किंवा नावातील विशिष्ट अशुद्धी दुसऱ्या कोणाच्या नोट्समध्येही तशीच आढळली, तर मजकूर कोठून आला हे कळते. एकाच प्रकरणात मध्येच भाषेचा पोत बदलणे हीही खूण आहे. ज्याने स्वतः लिहिले आहे, त्याच्याकडे कच्ची टिपणे असतात, ती मागावीत.

9. एका पीडीएफची किंमत कशी ठरवावी? पानांवरून का?

पानांवरून ठरवू नये. बहुतेक विद्यार्थी पीडीएफ घेतल्यावर झेरॉक्सच्या दुकानात तिची प्रत काढतात. पानामागे एक रुपया धरला, तर 300 पानांच्या 99 रुपयांच्या नोट्स त्याला 399 रुपयांना पडतात, आणि त्याच विषयाच्या 110 पानांच्या 149 रुपयांच्या नोट्स 259 रुपयांना. विद्यार्थी हा हिशेब मनात करतोच. पाने कमी करणे हे लेखकाचे खरे काम आहे आणि किंमत त्या कामाची असते. गडद पार्श्वभूमी आणि मोठी सजावट टाळावी, कारण ती छपाईत काळपट उमटते.

10. अनेक विषयांचा संच कसा करावा आणि त्यावर किती सूट द्यावी?

समजा पूर्व परीक्षेसाठी आपल्याकडे पाच पीडीएफ आहेत: राज्यव्यवस्था 149, इतिहास 149, भूगोल 129, अर्थव्यवस्था 129 आणि विज्ञान 99 रुपये. सुट्या घेतल्यास एकूण 655 रुपये होतात. संच 449 रुपयांना दिला, तर सूट सुमारे 31 टक्के पडते. या किमतीला तीन महागडे विषय सुटे घेणाऱ्याला, म्हणजे 427 रुपये देणाऱ्याला, आणखी 22 रुपयांत उरलेले दोन मिळतात. संच घेण्याचे कारण त्याला आपोआप दिसते. फक्त दोन विषय हवे असलेल्याला मात्र संच गळ्यात बांधू नये. म्हणून सुटी विक्री कधीही बंद करू नये.

संच परीक्षेच्या टप्प्यानुसार करावा. पूर्व आणि मुख्य परीक्षेचे साहित्य एकत्र करून "महासंच" विकला, तर पूर्वच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्याने मुख्यच्या ज्या फाइलींचे पैसे दिले, त्या तो उघडेपर्यंत जुन्या होतात. संख्या फुगवण्यासाठी संचात इकडून-तिकडून गोळा केलेल्या "बोनस" फाइली टाकण्याची सवय तर घातकच आहे. त्या फाइलींपैकी एकीविरुद्ध तक्रार आली की विक्रीसाठी असलेला अख्खा संच खाली उतरवावा लागतो आणि चार स्वच्छ विषयांची विक्रीही थांबते. संचातील प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे विकण्याइतकी निर्दोष असेल, तरच ती आत घ्यावी.

11. आधी एक विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने संच मागितला, किंवा संचातील एक विषय दुसऱ्या लेखकाचा असेल, तर हिशेब कसा करावा?

आधी 149 रुपयांना राज्यव्यवस्था घेतलेल्याकडून संचासाठी 449 वजा 149, म्हणजे 300 रुपये घ्यावेत. पूर्ण रक्कम मागणे त्याला अन्यायाचे वाटते, आणि ते बरोबरही आहे.

सहलेखकाचा वाटा सुट्या किमतींच्या प्रमाणात काढणे सर्वांत कमी वादाचे. समजा पीडीएफ जेथे विकली जाते तो ऑनलाइन मंच 10 टक्के कापतो. 449 रुपयांतून 44.90 गेल्यावर 404.10 रुपये उरतात. इतिहासाची सुटी किंमत 655 पैकी 149 आहे, म्हणून त्या लेखकाचा वाटा सुमारे 91.93 रुपये होतो. पाच विषय म्हणून पाचवा हिस्सा दिला असता, तर त्याला 80.82 रुपयेच मिळाले असते. कोणती पद्धत वापरायची, परतावा दिल्यास वाटा कसा वजा होणार आणि मजकुराच्या मौलिकतेची जबाबदारी कोणाची, हे विक्री सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवावे.

12. माझी पीडीएफ टेलिग्रामवर फुकट फिरते आहे. उलट मलाच कोणी नक्कलीची नोटीस पाठवली तर?

पहिल्या प्रसंगी दुव्यांचे पत्ते, तारखेसह पडदाचित्रे आणि आपल्या मालकीचे पुरावे, म्हणजे कच्ची टिपणे व मूळ फाइल, जमा करून मंचाकडे लेखी तक्रार करावी. कॉपीराइट नियम, 2013 मध्ये मध्यस्थ मंचाकडे तक्रार करण्याची रीत दिली आहे: मंचाने 36 तासांत मजकुराचा प्रवेश रोखण्याची पावले उचलायची असतात, परंतु 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. ऑगस्ट 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेच्या दाव्यात, तिचे साहित्य पसरवणाऱ्या वाहिन्यांचा तपशील उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला होता. प्रत्येक प्रतीवर खरेदीदाराचे नाव उमटवल्याने फाइल फुटणे पूर्णपणे थांबत नाही, पण ती कोठून फुटली ते समजते. खरेदीदाराचा पूर्ण मोबाइल क्रमांक मात्र पानापानावर छापू नये. फाइल फुटल्यास त्याची माहितीही उघड्यावर पडते.

नोटीस आपल्याला आली, तर प्रथम विक्री थांबवावी, आक्षेप घेतलेली पाने मूळ पुस्तकाशी ताडावी आणि त्यानंतरच उत्तर द्यावे. आक्षेप खरा असल्यास ती पाने काढून नवी आवृत्ती जुन्या खरेदीदारांनाही पाठवावी. "सौजन्य" म्हणून मूळ लेखकाचे नाव टाकल्याने परवानगीची उणीव भरून निघत नाही. हेतुपुरस्सर केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे, म्हणून गुंतागुंतीच्या नोटिशीचे उत्तर वकिलांना दाखवूनच पाठवावे.

13. मी पूर्वी एका क्लासमध्ये शिकवत असताना लिहिलेल्या नोट्स नोकरी सोडल्यावर विकू शकतो का?

आपण त्या क्लासशी कोणत्या नात्याने जोडलेले होता, यावर उत्तर अवलंबून आहे. पगारी नोकरीत, कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. लिहिणाऱ्याचे नाव पुस्तिकेवर असले तरीही. तासिका तत्त्वावर किंवा मानधनावर शिकवणाऱ्याची स्थिती सहसा वेगळी असते आणि करारात हक्क सोपवले नसतील, तर मजकूर बहुधा त्याचाच राहतो. नेमणुकीचे पत्र शोधून त्यातील साहित्यविषयक कलम वाचावे. पत्रच नसेल, तर पगारपावत्या आणि कामाच्या स्वरूपावरून नाते ठरते. अशा वेळी जुनी फाइल सुधारून वापरण्याच्या मोहात पडू नये, कारण पाने, उदाहरणे आणि चुका एकसारख्या निघतात. विषयाचे ज्ञान आपल्यासोबत आलेच आहे. प्रश्न 3 मधील पद्धतीने, क्लासची पुस्तिका बाजूला ठेवून, नव्या टिपणांवरून लिहावे आणि त्या टिपणांवर तारखा घालून ती जपून ठेवावीत.